घरी बाळाचे ठोके ऐकायचं डॉपलर मशीन घ्यावं का? डॉक्टर नको म्हणतायत

सायली_सातारा | सोमवार, दुपारी २.४०

नमस्कार, बरेच दिवस वाचतेय इथे, धागा पहिल्यांदाच काढतेय. मला २२वा आठवडा चालू आहे. गेल्या वर्षी नवव्या आठवड्यात बाळाचे ठोके थांबले होते, ते सोनोग्राफीलाच कळलं, त्याआधी मला काही म्हणजे काही त्रास नव्हता, त्यामुळे आता प्रत्येक सोनोग्राफीच्या आधी दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. नवरा पुण्याला, शनिवार रविवार येतो, इथे मी आणि सासूबाई दोघीच. पुढची तपासणी अजून तीन आठवड्यांनी आहे. ऑनलाइन ते हातात धरायचं डॉपलर मिळतं ना, जेल लावायचं आणि पोटावर फिरवायचं, ते घ्यावं असं डोक्यात बसलंय. डॉक्टरांना विचारलं तर "अजिबात नको" एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. का नको ते कुणी नीट सांगेल का? रोज रात्री एकदा ठोके ऐकले आणि शांत झोपले तर त्यात वाईट काय आहे?

अनुजा_के | सोमवार, ३.०५

घे गं. मी २०२० ला प्रेग्नंट होते, लॉकडाऊन, हॉस्पिटलला जायचीच भीती, तेव्हा नवऱ्याने मागवलं होतं. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की आम्ही दोघं ऐकायचो, १४५, १५० यायचे, घोडा पळतोय तसा आवाज. त्या दिवसांत मला त्या मशीनचा जेवढा आधार वाटला तेवढा कुणाचाच नाही वाटला. बाळ छान झालं. डॉक्टर लोक सगळ्यालाच नको म्हणतात.

विक्रांत_डोंबिवली | सोमवार, ४.२०

इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे म्हणून थोडं लिहितो. हे मशीन आपल्याला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडतं, दोन ते तीन मेगाहर्ट्झचा, आणि तो हलणाऱ्या गोष्टीवर आपटून परत येताना त्याची फ्रिक्वेन्सी थोडी बदलते, तो फरक मशीन स्पीकरवर वाजवतं. म्हणजे तुम्ही ऐकता तो हृदयाचा खरा आवाज नसतो, मशीनने बनवलेला असतो, पण गती बरोबर असते. ठोक्यांचा आकडा एक-दोनच्या फरकाने अचूक दाखवतात ही मशीन्स. त्यामुळे चुकीचं दाखवेल ही भीती मला तरी पटत नाही. चांगल्या कंपनीचं घ्या. फोनच्या माइकवर चालणारी अ‍ॅप्स मात्र घेऊ नका, फोनमधून तसला आवाज सुटतच नाही.

मंदाकिनी_जोशी | सोमवार, ५.५०

सायली बाळा, सोनोग्राफी घरी करायची मशीन निघाली का आता? ती बेकायदेशीर असते ना गं? आमच्या वेळी नर्सबाई ॲल्युमिनियमची नळी पोटाला लावून कान टेकून ऐकायच्या आणि ते ऐकताना आमचं मनगट धरून ठेवायच्या. माझ्या जावेला कुणीतरी सांगितलेलं की ठोके १४० च्या वर गेले की मुलगी, खाली असले की मुलगा. तिला झाला मुलगा, ठोके चांगले दीडशे होते.

निशिगंधा_एस | सोमवार, रात्री १०.१५

ड्युटीवरून आत्ता आले. मी स्टाफ नर्स आहे, सतरा वर्षं लेबर रूमलाच आहे, हे डॉपलर रोज माझ्या हातात असतं.

मंदाकिनी काकू, हे सोनोग्राफीचं मशीन नाही, यात चित्र दिसत नाही, फक्त आवाज आणि आकडा. आणि ठोक्यांवरून मुलगा मुलगी काहीही कळत नाही, बाळ झोपलेलं असेल तर १२५, हातपाय मारत असेल तर १५५, एकाच बाळाचे एकाच तासात. पण काकू, तुम्ही नर्सबाई मनगट धरायच्या ते लिहिलंत ना, सगळं त्याच्यातच आहे.

विक्रांतदादा, आकडा अचूक असतो हे खरं, पण तो कशाचा आकडा आहे हे मशीनला कळत नाही. आईच्या पोटात आईची मोठी रक्तवाहिनी आहे, गर्भाशयाला रक्त नेणाऱ्या धमन्या आहेत, वार आहे, वारेतून सुर्र सुर्र असा वाऱ्यासारखा आवाज येतो तो आईच्या नाडीच्या चालीवर असतो. मशीन कुठल्याही हलणाऱ्या गोष्टीचा आवाज पकडतं आणि मोजतं. आईची नाडी ८० असेल तर समोर ८० दिसेल आणि कुणीही म्हणेल हे बाळाचं नाही. पण घाबरलेल्या, ताप असलेल्या, ठोके सापडत नाहीत म्हणून अर्धा तास शोधत बसलेल्या बाईची स्वतःची नाडी १२० ला सहज जाते. बाळाचे नॉर्मल ठोके ११० ते १६०. मग १२० दिसलं की आई म्हणते सापडलं. म्हणून आम्ही ऐकताना दुसऱ्या हाताने आईची नाडी धरतो, दोन्ही वेगवेगळे लागले तरच बाळाचे म्हणून लिहितो. शंका आली तर सोनोग्राफीवर हृदय डोळ्याने बघायचं, दुसरा उपाय नाही. एवढ्या वर्षांनंतरही मला महिन्यातून एखाददा खात्री वाटत नाही आणि मी डॉक्टरांना बोलावते.

विक्रांत_डोंबिवली | सोमवार, १०.५०

हे पटलं, नाडीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरी मनगट धरून मोजायला घरी कुणालाही शिकवता येईल की, मग प्रॉब्लेम राहत नाही. बहिणीकडे एक मशीन पडून आहे, उद्या आणून बघतो.

सायली_सातारा | सोमवार, ११.१०

निशिगंधाताई खूप आभार, इतकं समजावून कुणी सांगितलंच नव्हतं. पण मग ठोके खरंच बाळाचेच आहेत अशी खात्री करून घेतली तर? तरी नको का?

प्राजक्ता_यूके | मंगळवार, पहाटे ४.३०

मी इथे इंग्लंडमध्ये दोन बाळंतपणं केली. पहिल्या भेटीतच मिडवाइफने सांगितलं होतं की घरचं डॉपलर नको, आणि का ते एक खरी केस सांगून सांगितलं. ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००९ साली डॉक्टरांनीच छापली होती. ३८ आठवडे झालेली बाई, शुक्रवारी तिला बाळ कमी हलतंय असं जाणवलं. घरी डॉपलर होतं, तिने लावलं, ठोके ऐकू आले, बरं वाटलं. शनिवार रविवार तसेच गेले. सोमवारी हॉस्पिटलला आली तेव्हा बाळ गेलेलं होतं. त्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की तिने बहुतेक स्वतःची नाडी नाहीतर वारेतला रक्ताचा आवाज ऐकला असावा. मशीन नसतं तर ती शुक्रवारीच गेली असती का, बाळ वाचलं असतं का, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण तीन दिवस गेले ते गेलेच. हे वाचल्यापासून मी कार्टमधलं मशीन काढून टाकलं.

अमेरिकेतही एफडीएने २०१४ मध्ये जाहीर सांगितलं की ही मशीन्स घरच्या वापरासाठी नाहीत, प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच वापरायची.

निशिगंधा_एस | मंगळवार, दुपारी १.३०

सायली, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो खरा प्रश्न आहे. समजा ठोके बाळाचेच आहेत, १४०, अगदी बरोबर. त्यातून एवढंच कळतं की या मिनिटाला बाळ जिवंत आहे. बाळ ठीक आहे की नाही ते कळत नाही.

घरात पैसा कमी यायला लागला की आपण काय करतो, आधी फिरणं बंद, मग हॉटेल बंद, मग कपडे, पण चूल शेवटपर्यंत पेटवतो. वारेतून बाळाला रक्त कमी मिळायला लागलं की बाळ तेच करतं. आधी हातपाय मारणं कमी करतं, शक्ती वाचवतं. हृदय मात्र चालू ठेवतं, आकडा १४० चा १४० राहतो, आणि तो बिघडेपर्यंत खूप उशीर झालेला असतो. म्हणून हालचाल आधी बोलते, ठोके शेवटी. डॉपलर तुला नेमकी शेवटची खबर देतं आणि तू ती पहिली समजून निश्चिंत होतेस. नको म्हणतात ते यासाठी.

हॉस्पिटलला एनएसटी करतो तेव्हा पोटाला पट्टे बांधून निदान वीस मिनिटं कागदावर रेघ घेतो. त्यात आकडा बघत नाही नुसता, रेघ कशी वरखाली होते ते बघतो. बाळ हललं की ठोके वर चढायला हवेत, पंधरा एक ठोके, पंधरा एक सेकंद, आणि परत खाली यायला हवेत. एरवीही ती रेघ बारीक थरथरती हवी. सरळ पट्टीने ओढल्यासारखी रेघ आली की आम्ही सावध होतो, मग मधोमध आकडा कितीही चांगला असो. घरी एक मिनिट ऐकून हे कुणालाच कळणार नाही, मलाही नाही.

कस्तुरी_रा | मंगळवार, रात्री ८.५५

सगळं वाचतेय, मलाही एक विचारायचं होतं. माझे ३६ आठवडे चालू आहेत. माझ्याकडे मशीन आहे, सातव्या महिन्यापासून वापरते. काल रात्रीपासून बाळ जरा शांत वाटतंय, एरवी जेवले की धुमाकूळ घालतं, आज दुपारी जेवल्यावर दोनदाच हललं आणि तेही हळू. आई म्हणते नवव्या महिन्यात जागा राहत नाही म्हणून कमी हलतं. आत्ता मशीन लावलं, १३८ आले, माझी नाडी पण बघितली ताईंनी सांगितल्यासारखी, ९२ होती, म्हणजे बाळाचेच आहेत. शुक्रवारी तपासणी आहेच. तोपर्यंत गोड काही खाऊन बघू का?

निशिगंधा_एस | मंगळवार, ९.०२

कस्तुरी, आत्ता निघ. फाईल घे आणि जिथे नाव घातलंय तिथे लेबर रूमला जा, "कालपासून बाळ कमी हलतंय" एवढंच सांग, मशीनचं सांगूच नको आधी. शुक्रवार नाही, उद्या सकाळ नाही. नवव्या महिन्यात हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी कूस बदलल्यासारखं, ढकलल्यासारखं लागतं, पण हालचाल कमी होत नाही, हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा गैरसमज आहे. गोड खाऊन वाट बघू नकोस. गाडीत बसल्यावर एक ओळ लिही.

अनुजा_के | मंगळवार, ९.०६

कस्तुरी जा गं लगेच. मी काल घे म्हणाले होते, पण हे वेगळं आहे, जा.

कस्तुरी_रा | मंगळवार, ९.२५

निघालोय. मिस्टर गाडी काढतायत.

विक्रांत_डोंबिवली | बुधवार, सकाळी ७.४०

रात्री मशीन आणलं. स्वतःवरच लावलं, बेंबीच्या वर थोडं डावीकडे, जेल भरपूर. धाड धाड आवाज, स्क्रीनवर ७८, मनगटाला मोजली तर ७८, म्हणजे माझीच नाडी. मग प्रोब जरा तिरका करून तसाच धरला तर आकडा उडी मारून १५६. मनगटाला अजून ७८च. म्हणजे बरोबर दुप्पट. बराच विचार केला. रक्तवाहिनीच्या एका ठोक्यात आवाजाचे दोन भाग येतात, मोठा आणि मागून छोटा, मशीन फक्त पुन्हा पुन्हा काय येतंय ते शोधतं, त्याने दोन्ही भाग वेगळे ठोके म्हणून मोजले. स्क्रीनवर हृदयाचं चित्र छान लुकलुकत होतं. १५६ हा बाळाचा एकदम नॉर्मल आकडा आहे आणि तो माझ्या पोटातून आलाय.

म्हणजे परवा मी जे म्हणालो की नाडी वेगळी आली की झालं, तेही पुरेसं नाही. ७८ आणि १५६ वेगळेच आहेत की. माझं म्हणणं मागे घेतो. कस्तुरीताईंचं काय झालं?

निशिगंधा_एस | बुधवार, ७.५५

विक्रांतदादा हे करून बघितलंत आणि लिहिलंत फार बरं झालं. हे दुप्पट होणं आम्हाला माहीत असतं, म्हणून आकडा न बघता कानाने ऐकत मनगटावर ताल जुळतो का बघतो. आईचा ठोका आणि आवाजातला ठोका एकाच वेळी पडत असेल तर आकडा काहीही असो, तो आईचा. याच्या उलटही होतं, बाळाचे १५० असतात आणि मशीन ७५ दाखवतं, आणि घरी रडारड होते.

कस्तुरीची मी पण वाट बघतेय.

सायली_सातारा | बुधवार, ११.३०

रात्रभर कस्तुरीचाच विचार येत होता. ताई, एक विचारू का, मला तर अजून धड हालचालच कळत नाही. दोन दिवस फुलपाखरासारखं वाटतं, मग एक दिवस काहीच नाही. वार पुढच्या बाजूला आहे असं सोनोग्राफीत लिहिलंय. मग मी कशावर विश्वास ठेवायचा?

निशिगंधा_एस | बुधवार, दुपारी ३.१०

वार पुढे असली की बाळ आणि पोटाची भिंत यांच्यात उशी ठेवल्यासारखं होतं, म्हणून हालचाल उशिरा आणि पुसट लागते. डॉपलरलाही तीच वार आड येते बरं का, ठोके शोधायला आम्हालाच दहा मिनिटं लागतात, तू एकटी रात्री अकराला शोधत बसलीस आणि सापडले नाहीत तर काय होईल ते तुला मी सांगायला नको. बाराव्या तेराव्या आठवड्यात मशीन लावून, ठोके न सापडून, रात्री रडत आलेल्या मुली मी कितीतरी बघितल्यात, सोनोग्राफीत बाळ मजेत असतं, गर्भाशय अजून ओटीपोटाच्या हाडामागे असतं म्हणून सापडत नाही.

खरं सांगते, २२व्या आठवड्यात घरबसल्या खात्री करून घ्यायचं साधन नाही. एखादा दिवस काही न जाणवणं या काळात चालतं. २४ आठवडे पूर्ण झाले आणि तोपर्यंत एकदाही हालचाल जाणवली नसेल तर दाखवायचं, तुला जाणवलीय म्हणजे तो प्रश्न नाही. एकदा जाणवायला लागून मग पार बंद झाली तर मात्र कधीही दाखव. २८ पासून बाळाची एक लय बसते, ती तुझ्या लक्षात येईल. डाव्या कुशीवर पडून, टीव्ही मोबाईल बाजूला ठेवून दोन तासांत दहा हालचाली, हा साधारण हिशोब, पण आकड्यापेक्षा तुझ्या बाळाची रोजची सवय महत्त्वाची. रोज तेवढ्या वेळात वीस वेळा हलणारं बाळ दहावर आलं तर दहा झाले म्हणून घरी बसायचं नाही.

रानवारा | बुधवार, सायं. ६.२०

आमच्या पाड्यापासून ग्रामीण रुग्णालय ३५ किलोमीटर, एनएसटी मशीन तिथे आहे पण चालवणारी सिस्टर कधी असते कधी नसते. शहरातल्या बाईला "आत्ता निघ" म्हणणं सोपं आहे. आमच्याकडच्या मुलीने ठोके तरी ऐकू नयेत का? काहीच नसण्यापेक्षा बरं नाही का?

निशिगंधा_एस | बुधवार, ८.४०

तुमचं दुखणं खरं आहे, मी नाही म्हणणार नाही. गरोदर बाईला १०२ ची गाडी फुकट असते, अडचण मोठी असेल तर १०८, आशाताईंना सांगून ठेवा. पण लांब राहणाऱ्या बाईला तर डॉपलर जास्त धोक्याचं आहे असं मला वाटतं, कारण ३५ किलोमीटर जायचं की नाही हे घरचे त्या आकड्यावर ठरवतील. १४० आलेत, कशाला गाडी करायची. सिस्टर जागेवर नसते याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

रानवारा | बुधवार, ८.५५

घरचे तसंच म्हणतील हे खरं. तरी मन मानत नाही.

कस्तुरी_रा | शुक्रवार, दुपारी १२.१०

सगळ्यांना नमस्कार, आता लिहायला बसलेय. मंगळवारी रात्री दहाला पोचलो. एनएसटी लावली. आकडा बघा, तिथेही १४०च होता, घरी आला होता तसाच, मी मिस्टरांना म्हटलंसुद्धा की बघा उगाच आलो. पण रेघ सरळ होती. सिस्टर म्हणाल्या बाळ झोपलेलं असू शकतं, डाव्या कुशीवर वळवलं, आणखी वीस पंचवीस मिनिटं ठेवली, तरी तशीच. मग डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, पाणी खूप कमी झालेलं होतं, बाळाचं वजनही मागे होतं. पहाटे सिझर केलं. मुलगी, दोन किलो. रडली लगेच. काचेच्या पेटीत आहे, दूध नळीने चालू केलंय, आज मला तिच्या पायाला हात लावू दिला.

डॉक्टरांना नंतर मशीनचं सांगितलं. त्यांनी विचारलं की त्या आकड्यामुळे तुम्ही किती तास घरी थांबलात. मोजलं तर सोमवार रात्रीपासून तीनदा लावलं होतं मी. प्रत्येक वेळी १३५ ते १४०, आणि प्रत्येक वेळी उद्या बघू म्हटलं.

मंदाकिनी_जोशी | शुक्रवार, १२.३०

लेकीला उदंड आयुष्य लाभो गं बाळा. वाचता वाचता डोळे भरून आले.

अनुजा_के | शुक्रवार, १.१५

कस्तुरी, पोटाशी धर तिला लवकर. मी दोन दिवस विचार करतेय. माझं बाळ सगळे महिने भरपूर हलत होतं, म्हणून मशीन माझ्यासाठी नुसती मजा होती, आता कळतंय. पण मी हेही सांगेन की त्या लॉकडाऊनमध्ये मला त्याने वेड लागण्यापासून वाचवलं, ते खोटं नव्हतं. हालचाल चांगली असताना कौतुक म्हणून ऐकलं तर चालेल असं माझं अजूनही मत आहे.

प्राजक्ता_यूके | शुक्रवार, २.५०

अनुजा, अडचण अशी की सवय लागते. रोज मजा म्हणून ऐकणारी बाई ज्या दिवशी घाबरते त्या दिवशी पहिला हात त्याच मशीनकडे जातो. कस्तुरीचं तेच झालं ना.

सायली_सातारा | शुक्रवार, रात्री ९.४५

कस्तुरी, खूप खूप अभिनंदन, तुझ्या बाळीसाठी रोज प्रार्थना करतेय. मी मशीन घेत नाहीये. आज डॉक्टरांकडे परत गेले, म्हटलं मला तीन आठवडे झोप लागत नाही, गेल्या वेळचं डोक्यातून जात नाही. त्यांनी दहा मिनिटं बसवून ऐकून घेतलं आणि दर दहा दिवसांनी नुसते ठोके ऐकायला ये म्हणाल्या, त्यांच्याकडे, नाडी धरून. आज ऐकवले. वारेच्या आवाजातून शोधायला त्यांनाही बराच वेळ लागला, आणि त्या तेवढ्या वेळात मी सासूबाईंचा हात सोडला नव्हता.